दसऱ्याचं तोरण: आंब्याची पानं हिरवी राहावीत म्हणून ठेवलेल्या नोंदी

२० सप्टेंबर २०२५, शनिवार

गेल्या वर्षी घटस्थापनेला बांधलेलं तोरण पाचव्या दिवशी पाहवत नव्हतं. पानं पन्हळीसारखी वळली होती, अर्धी सरकून मधोमध गोळा झाली होती आणि झेंडू आतून काळा पडला होता. दसऱ्याला दुसरं करायला वेळ झाला नाही, त्यामुळे सोनं वाटायला आलेले सगळे त्या सुकलेल्या तोरणाखालूनच आत आले. ते वर्षभर मनात राहिलं. यंदा नवरात्रात दोन तोरणं करायची, एक घटस्थापनेचं आणि एक दसऱ्याचं, आणि रोजचं लिहून ठेवायचं असं ठरवलं आहे.

आज फक्त मापं घेतली. आमचं घर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आहे. चौकट आतून १०४ सेमी रुंद आहे. सेफ्टी डोअर बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणून गणेशपट्टीच्या बरोबर खाली तोरण बांधलं तर दार उघडताना दरवेळी पानांना घासतं. गेल्या वर्षी दोन पानं अशीच फाटली होती. यंदा दोन नवे हूक चौकटीच्या वर भिंतीत बसवून घेतले. दाराच्या वरच्या कडेपासून पानांची टोकं चार बोटं तरी वर राहतील, एवढ्या उंचीवर. हुकापासून हुकापर्यंत अंतर ११० सेमी. दारासमोरच्या पॅसेजमध्ये दुपारी चार ते साडेपाच ऊन येतं आणि ते दाराच्या डाव्या भागावर पडतं. पुढे सुकण्याचा हिशोब करताना लागेल म्हणून हेही लिहून ठेवते.

आत्या आठ दिवसांसाठी आली आहे. नारायण पेठेतल्या वाड्यात दिंडी दरवाज्याचं तोरण तीच करायची, म्हणून गाठ तिच्याकडूनच शिकायची आहे. पण पितृपक्ष संपेपर्यंत दाराला काही बांधायचं नाही, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. आजची गाठींची तालीम त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळी बांधून झाली.

मी आतापर्यंत करत आले ती पद्धत म्हणजे पानाचा वरचा भाग सुतळीवरून मागे वळवायचा आणि देठ पानातच खोचायचा. बहुतेक घरांत असंच करतात, कारण ते पटकन होतं. आत्यानं माझं एक पान हातात घेऊन उजेडासमोर धरलं. देठ खोचल्यावर मधल्या शिरेपासून निघालेल्या तीन बारीक शिरा तुटल्या होत्या. "इथून सुकायला लागणार बघ," ती म्हणाली. "देठाला धरायचं, पानाला भोसकायचं नाही."

खिडकीला तिच्या गाठीची तीन पानं आणि माझ्या पद्धतीची तीन पानं बांधून ठेवली आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार (सर्वपित्री)

सकाळी सोसायटीच्या आंब्याच्या तीन डहाळ्या काढल्या. कुठून काढायच्या हे महत्त्वाचं आहे. आंब्याला मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो, आणि आता जून झालेल्या शेंड्यांनाच पुढे थंडीत मोहोर धरतो. म्हणून शेंडे सोडून, आतल्या बाजूला सावलीत दाटीनं वाढलेल्या लहान डहाळ्या घेतल्या.

पान निवडताना एकच गोष्ट पाहायची, ते जून आहे का. तांबूस किंवा पोपटी पान दिसायला सुंदर असतं, पण त्याच्यावर मेणाचा थर पुरता चढलेला नसतो. ते संध्याकाळपर्यंत मान टाकतं. जून पान गडद हिरवं, वरून चकचकीत आणि हाताला चामड्यासारखं लागतं. टोक अंगठ्यानं हलकेच वाकवून सोडलं की झटकन सरळ होतं. जे वाकलेलंच राहतं त्यातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. बारीक गाठी आलेली पानं बाजूला काढली. काही पानांवर काजळी होती. तुडतुडे जो चिकट रस सोडतात त्याच्यावर ही काळी बुरशी धरते. ती ओल्या फडक्यानं निघून येते, पण घासायचं नाही, नाहीतर मेणाचा थरही जातो.

पानं लगेच सुटी केली नाहीत. डहाळ्यांची बुडं तिरपी कापून बादलीत बोटभर पाण्यात उभी केली आणि बादली न्हाणीघरात, सावलीत ठेवली. पान डहाळीवर असेपर्यंत देठातून पाणी ओढत राहतं. खुडलेलं पान असं फारसं पाणी घेऊ शकत नाही, मग ते पाण्यात तरंगत ठेवलं तरी. वरचा मेणाचा थर जसं पाणी बाहेर जाऊ देत नाही, तसं आतही येऊ देत नाही.

तुलना करायची म्हणून दुपारी मंडईतून आंब्याच्या पानांची एक जुडीही आणली. घेताना एक पान चुरगाळून वास घेतला. कैरीसारखा वास आला म्हणजे आंबाच. जुडीत कधी कधी लांबट, नागमोडी कडेची अशोकाची पानंही येतात. तीही तोरणात चालतात, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

रात्री बांधायला बसले. आत्याची गाठ म्हणजे दुहेरी फास. सुतळीचा एक वेढा असा घालायचा की उजवीकडचा भाग डावीकडच्या भागावरून समोरून जाईल. शेजारीच अगदी तसाच दुसरा वेढा. आता दुसरा वेढा पहिल्याच्या मागे सरकवायचा, दोन्हींतून पानाचा देठ घालायचा आणि सुतळीच्या दोन्ही बाजू ओढायच्या. बरोबर जमलं तर एका बाजूला दोन वेढ्यांवरून जाणारा एक तिरपा पेच दिसतो आणि सुतळीची दोन्ही टोकं त्या पेचाखालून निघतात. दुसरा वेढा चुकून पुढे ठेवला तर नुसतं वेटोळं होतं, तिरपा पेच दिसत नाही आणि ओढल्यावर देठ सुटून येतो. माझी पहिली दोन पानं अशीच हातात आली. तिरपा पेच नेहमी मागच्या बाजूला ठेवायचा. म्हणजे समोरून प्रत्येक देठाला सारख्या दोन कड्या दिसतात आणि पानाची चकचकीत बाजू पाहणाऱ्याकडे राहते.

आणखी एक बारकावा आत्यानं दाखवला, तो मला कधीच लक्षात आला नव्हता. आंब्याच्या देठाचं बूड, जिथे ते फांदीला चिकटतं तिथे, बोंडासारखं फुगलेलं असतं. पान कात्रीनं कापलं तर हा फुगवटा फांदीवरच राहतो. म्हणून पान हातानं, खाली ओढून, फुगवट्यासकट खुडायचं. फास त्या फुगवट्याच्या जरा खाली बसतो आणि देठ सुकून बारीक झाला तरी पान निसटत नाही. खुडताना चीक येतो आणि तो कातडीला भाजतो, म्हणून बोटांना खोबरेल लावून बसलो. खुडलेली पानं देठ खाली करून दहा-पंधरा मिनिटं रद्दी कागदावर ठेवली.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग माझी चूक झाली. १३ पानं घ्यायची, दोन पानांत ८ सेमी अंतर, म्हणजे १२ अंतरांचे ९६ सेमी, आणि दोन्ही कडांना ७-७ सेमी मोकळे, असा हिशोब करून मी सुतळीवर आधीच पेनानं खुणा करून ठेवल्या होत्या. खुणेवर फास, खुणेवर फास असं करत गेले. १३ पानं झाल्यावर सुतळी हुकांना लावून पाहिली तर दोन हुकांमधली म्हणून मोजलेली ११० सेमी जेमतेम ७१ भरत होती, आणि पानं एकमेकांवर चढलेली! एका फासात सुतळी किती जाते ते मोजलं. जवळजवळ ३ सेमी. तेरा फासांचे ३९ सेमी गाठींतच गेले होते.

सगळं सोडून पुन्हा केलं. सुतळी २.५ मीटर कापली. त्यात ११० सेमी दोन हुकांमधली, ३९ गाठींची, आणि उरलेली दोन्हीकडे बांधायला. खुणा केल्या नाहीत. पुठ्ठ्याची ८ सेमीची पट्टी कापून घेतली आणि एक गाठ आवळली की पट्टी लावून पुढची गाठ घातली. आत्या पट्टीऐवजी चार बोटं वापरते आणि तिचं अंतर माझ्या पट्टीपेक्षा कमी चुकतं. सुरुवात मधल्या पानापासून केली. मग एक डावीकडे, एक उजवीकडे. अशानं अंतरात थोडं कमीजास्त झालं तरी ते दोन्ही कडांना वाटलं जातं. एका टोकापासून सुरू केलं की सगळी चूक दुसऱ्या टोकाला साचते आणि मधलं पान दाराच्या मध्यावर येत नाही.

१, ३, ५ अशी विषम जागांची सात पानं डहाळीची, आणि सम जागांची सहा जुडीची. ऊन डाव्या बाजूला पडतं, म्हणून एक बाजू डहाळीची आणि एक जुडीची असं केलं नाही. नाहीतर ऊन कोणाला लागलं आणि पाणी कोणाला मिळालं, हे वेगळं कळलंच नसतं.

२२ सप्टेंबर, सोमवार (घटस्थापना)

सकाळी घट बसवायच्या आधी तोरण लावलं. सुतळी लावण्याआधी मी पाण्यात भिजवून घेतली. देठांना ओल मिळेल असा विचार होता. आत्या "कशाला?" एवढंच म्हणाली.

फुलांची माळ वेगळ्या दोऱ्यावर केली आहे. गेल्या वर्षी पानं आणि फुलं एकाच सुतळीवर होती, त्यामुळे फुलं सडली तरी काढता आली नाहीत. फूल आणि पान यांचं आयुष्य सारखं नसतं. यंदा सुतळीवर फक्त पानं आणि दुहेरी सुती दोऱ्यावर फक्त झेंडू. दोन्ही त्याच हुकांना लावलं आहे, फुलांचा दोरा पुढे. नायलॉनचा दोरा घेतला नाही, तो बारीक असल्यानं फुलाच्या वजनानं त्याची हिरवी वाटी चिरत जातो.

अर्धा किलो झेंडूत ७२ फुलं निघाली. त्यातली २६ लागली. पानांमधल्या १२ जागांत एकेक, आणि दोन्ही टोकांना सात-सात फुलांच्या दोन लडी. सुई फुलाच्या हिरव्या वाटीच्या मधोमध घालायची. आडवी घातली की ती नुसत्या पाकळ्यांतून जाते आणि फूल दुसऱ्या दिवशी लोंबतं. लडीच्या तळाला नुसती गाठ पुरत नाही, ती वाटीतून वर निसटते. तिथे बोटाच्या पेराएवढी काडी आडवी बांधली. आडव्या माळेत प्रत्येक फुलाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याला निरगाठ मारली, म्हणजे फूल आपल्या जागेवरच राहतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

पानं सगळी हिरवी. पण मधलं पान आज दार उघडताना घासलं. मोजलं तर तोरणाला मधोमध १० सेमी झोळ आला आहे. सोमवारी जेमतेम ३ होता.

पहिल्यांदा वाटलं हूक हलला. हूक पक्के होते. मग आत्याच्या "कशाला?"चा अर्थ कळला. सुतळी भिजली की तिचे पेड फुगतात आणि ती आखडते. मी ती आखडलेली असतानाच ताणून बांधली. वाळल्यावर ती पुन्हा लांब झाली. शिवाय देठ थोडे बारीक झाले आणि तेरा फास थोडे थोडे ढिले पडले.

पण एवढ्यानं १० सेमी झोळ? म्हणून हिशोब करून पाहिला. झोळ फार नसेल तेव्हा जास्तीची लांबी काढायला झोळाचा वर्ग घ्यायचा, त्याला ८ नं गुणायचं आणि रुंदीच्या तिपटीनं भागायचं. ११० सेमी रुंदीला १० सेमी झोळ म्हणजे ८०० भागिले ३३०, साधारण २.४ सेमी. ६ सेमी झोळाला तर एक सेंटीमीटरही लागत नाही. एका फासातून दोन मिलिमीटर सुटले तरी तेरा फासांचे २.६ सेमी होतात, आणि तेवढ्यात तोरण हातभर खाली आल्यासारखं वाटतं. तोरण कितीही ताणून बांधलं तरी तिसऱ्या दिवशी ते सैल होणार, हे धरूनच बांधायला हवं.

म्हणून डाव्या हुकाची निरगाठ तशीच ठेवली आणि उजव्या हुकाची सोडून तिथे सुरगाठ घातली. आता टोक ओढलं की सुटते, सुतळी ताणायची, पुन्हा मारायची. स्टुलावर उभं राहून अर्ध्या मिनिटाचं काम.

ओल्या सुतळीचं आणखी एक. तिचा तपकिरी रंग भिंतीवर उतरला आहे, दोन्ही हुकांच्या खाली एकेक ओघळ.

२५ सप्टेंबर, गुरुवार

खिडकीतल्या तालमीच्या पानांकडे आज नीट पाहिलं. देठ खोचलेल्या तिन्ही पानांना भोकाभोवती तपकिरी कडा आली आहे. एकाला तर भोकापासून कडेपर्यंत चीर गेली आहे. फासातली तीन पानं अखंड आहेत. थोडी मऊ झाली आहेत, पण डाग नाही. या प्रश्नाचा माझ्यापुरता निकाल लागला.

शेजारच्या काकूंनी सांगितलं की रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. खिडकीतलं प्रत्येक पान आता वेगळ्या अवस्थेत आहे, म्हणून तिथे हा प्रयोग नको. दाराच्या तोरणाच्या उजव्या अर्ध्या भागावर, जिथे ऊन येत नाही तिथे, आज शिंपडायला सुरुवात केली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाणी शिंपडलेल्या बाजूची फुलं खराब झाली. उजव्या लडीतलं वरून तिसरं फूल दाबून पाहिलं तर आत काळं आणि चिकट होतं, आंबूस वासही आला. लडीत फुलं एकमेकांना टेकून असतात, मध्ये गेलेलं पाणी वाळायला जागाच नसते. डावी लड कोरडी आहे. पाकळ्या जरा आकसल्या, पण सडकं एकही नाही. शिंपडणं बंद केलं.

फुलांची पूर्ण माळ उतरवली, पानं तशीच ठेवली. दोरे वेगळे केल्याचा फायदा आज मिळाला. दोन मिनिटांत काम झालं आणि दार ओकंबोकं दिसलं नाही.

पानांत फरक दिसू लागला आहे. जुडीच्या सहापैकी चार पानांच्या कडा मधल्या शिरेकडे वळायला लागल्या आहेत आणि चकाकी गेली आहे. डहाळीची सातही सपाट आहेत. शिंपडलेल्या आणि न शिंपडलेल्या पानांत मला काही फरक दिसला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

जुडीची सहाही पानं वळली आहेत. डाव्या टोकाजवळची दोन, ज्यांच्यावर दुपारचं ऊन येतं, होडीसारखी झाली आहेत. डहाळीच्या पानांपैकी उन्हातलं एक वळलंय. बाकी सहा बऱ्यापैकी सपाट, रंग हिरवाच, फक्त जरा निस्तेज.

आत्याला विचारलं, वाड्यातलं तोरण किती दिवस हिरवं राहायचं. "दिंडी दरवाजा उत्तरेला होता, वर माळवद. आठवडाभर," ती म्हणाली. ती आज संध्याकाळी गेली. जाताना मला म्हणाली, "पुढच्या वेळी सुतळी कोरडी घे, बाई."

२९ सप्टेंबर, सोमवार

आठवा दिवस. डहाळीच्या पानांच्या टोकांना आता कोरडेपणा आला आहे. पान हिरवं आहे, पण वाकवलं तर चर्र आवाज येतो. मला वाटतं आमच्या दारात, दिवसभर पाणी प्यालेल्या जून पानाची सहा-सात दिवसांची मर्यादा आहे आणि जुडीच्या पानाची चार. ही मर्यादा शिंपडून वाढत नाही. पानातून पाणी जातं ते मुख्यतः पाठीकडच्या बारीक छिद्रांतून, आणि खुडलेल्या पानाला भर घालणारं मागे काही नसतं. जे पाणी पानात घालायचं ते बांधायच्या आधीच.

पानाच्या पाठीला खोबरेल लावायचं असंही ऐकलं होतं. एका सुट्या पानाला शुक्रवारी लावून पॅसेजमध्ये टांगलं होतं. ते वळायचं कमी झालंय खरं, पण रस्त्यावरची धूळ त्याच्यावर अशी बसली आहे की हिरवा रंग दिसतच नाही. मी लावणार नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी चार डहाळ्या काढल्या. सकाळची डहाळी जास्त चांगली, कारण रात्रभरात झाडानं पानं पाण्यानं भरलेली असतात, पण उद्या सकाळी मला वेळ नाही. त्याची भरपाई म्हणून आज रात्र आणि उद्याचा दिवस, असे चोवीस तास त्या बादलीत राहतील. वरून ओला पंचा पांघरला आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार (खंडेनवमी)

झेंडू सकाळीच आणला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेनंतर मंडईच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सहालाच गेले. फुलं ओली होती, ढिगावर पाणी मारलेलं. आणल्या आणल्या पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर एका थरात पसरली आणि तीन तास पंखा लावला. वाटीच्या बुडाला बोट लावून ते कोरडं लागेपर्यंत ओवायला घेतली नाहीत. भाताच्या लोंब्यांची एक पेंढीही आणली.

रात्री बांधणी. या वेळी बदल दोनच. पानं सुकताना आकसतात आणि मधली फट वाढते, म्हणून ८ ऐवजी ७ सेमीची पट्टी आणि १३ ऐवजी १५ पानं. १४ अंतरांचे ९८ सेमी झाले, दोन्ही कडांना ६-६ सेमी. गाठींना ४५ सेमी जातील, म्हणून सुतळी पुन्हा २.५ मीटर. आणि सुतळी कोरडी.

फास घातल्यावर प्रत्येक देठ फुगवट्याशी धरून एकदा खाली ओढून पाहिला आणि मगच पुढच्या गाठीला गेले. मागच्या वेळी गाठी तोरणाच्या वजनानं आपोआप आवळल्या आणि तेवढी सुतळी सैल झाली. आधीच आवळून घेतलं तर तेवढा झोळ कमी. पंधरा पानांना पाऊण तास लागला.

झेंडू १४ जागांत एकेक, टोकांच्या लडी सात-सातच्याच. लडीतली फुलं या वेळी दाबून बसवली नाहीत, एकमेकांना जेमतेम टेकतील एवढीच. लोंब्यांचे लहान जुडगे करून फुलांच्या दोऱ्यावर लडींच्या वर बांधले. तयार माळ कागदात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवली. पानांचं तोरण मात्र ओल्या पंचात गुंडाळून न्हाणीघरात.

२ ऑक्टोबर, गुरुवार (दसरा)

सकाळी साडेसहाला लावलं. डावीकडे निरगाठ, उजवीकडे सुरगाठ, झोळ ४ सेमी. मधलं पान चौकटीच्या मध्यापासून अर्धा सेमी डावीकडे आहे. ओळंबा लावून पाहिला नसता तर कळलंही नसतं. फुलांच्या दोऱ्याला झोळ थोडा जास्त ठेवला, म्हणजे फुलं देठांवरच्या गाठी झाकतात आणि पानं पूर्ण दिसतात.

उन्हासाठी एक सोय केली. पॅसेजच्या जाळीला दुपारी चारला एक जुनी पांढरी चादर लावायची, साडेपाचला काढायची. चारनंतर सोनं द्यायला माणसं येतात म्हणून आज लावली नाही.

संध्याकाळी आत्याला फोटो पाठवला. तिचा फोन आला. "डावीकडून चौथं पान उलटं आहे," ती म्हणाली. जाऊन पाहिलं, खरंच पाठ बाहेर होती. गाठ न सोडता फास किंचित ढिला करून देठ अर्धा फिरवला आणि पुन्हा ओढला.

४ ऑक्टोबर, शनिवार

झोळ ५.५ सेमी. सुरगाठ सोडून ताणलं, पुन्हा ४. फुलं कोरडी आहेत, आत काळं कुठेच नाही. कडेच्या पाकळ्या वाळायला लागल्या आहेत.

६ ऑक्टोबर, सोमवार (कोजागरी)

फुलं आज उतरवली, लोंब्या ठेवल्या. त्या वाळतच छान दिसतात. पानं पंधराही सपाट. डावीकडच्या पहिल्या पानाची कड जरा उचलली आहे. काल आणि परवा चारला चादर लावली होती. गेल्या वेळी याच पाचव्या दिवशी उन्हातली जुडीची पानं वळायला लागली होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आठवा दिवस. तीन पानं वळली, तिन्ही डाव्या बाजूची. बाकी बारा हिरवी, चकाकी कमी. फुगवट्यामुळे एकही पान निसटलेलं नाही. देठ मात्र इतके बारीक झालेत की फासात फिरतात. वारा आला की पानं उलटी होतात आणि हातानं सरळ करावी लागतात. दिवाळीला देठाच्या प्रत्येक फासाशेजारी दोऱ्याचा एक वेढा जादा घालून पाहणार.

पानं उद्या उतरवून खतात घालेन. लोंब्या चिमण्यांसाठी गॅलरीत. सुतळी सोडवून वाळवून ठेवायची, ती चांगली आहे.

वसुबारस १७ तारखेला, शुक्रवारी. डहाळ्या १६ ला पहाटे काढून बादलीत, बांधणी त्याच रात्री, झेंडू १६ ला दुपारी पंख्याखाली. दाराला १५ आणि देवघराच्या चौकटीला ५ अशी २० पानं लागतील, सात-आठ जादा खुडायची. देवघराची चौकट ४२ सेमी आहे. तिथे ८ सेमीची पट्टी, म्हणजे चार अंतरांचे ३२ आणि कडांना ५-५.